ऑफसेट ब्रॅकेटच्या निर्णायक बिंदूवर अक्षीय बल, नमन आणि पीळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर नेमका कोणता ब्रॅकेट गृहीत धरला आहे?

भिंतीत किंवा जाड प्लेटमध्ये पक्का बसवलेला एक भरीव गोल दांडा भिंतीला काटकोनात सरळ बाहेर आलेला आहे आणि त्याच्या मोकळ्या टोकाला एक आडवा हात काटकोनात जोडलेला आहे. दांडा आणि हात हे दोन्ही क्षितिजसमांतर आहेत. भार हाताच्या टोकाला लागतो, म्हणजे दांड्याच्या अक्षापासून बाजूला सरकून लागतो, आणि म्हणूनच या रचनेला ऑफसेट ब्रॅकेट म्हणतात.

उदाहरणासाठी दांड्याचा व्यास ४० मिमी, भिंतीपासून हातापर्यंतची लांबी २५० मिमी आणि हाताची लांबी १५० मिमी धरू. हाताच्या टोकाला दोन बले आहेत. एक २४०० न्यूटनचे, सरळ खाली. दुसरे ३००० न्यूटनचे, दांड्याला समांतर आणि भिंतीपासून दूर ओढणारे. साहित्य साधे पोलाद असून त्याची यील्ड स्ट्रेंथ २५० मेगापास्कल आहे. पुढची सगळी उत्तरे याच एका ब्रॅकेटवर बेतलेली आहेत, कारण आकडे बदलत राहिले की बिंदूची जागा कशी ठरते हा मूळ मुद्दा हरवतो.

भार हाताच्या टोकाला आहे, मग भिंतीजवळच्या छेदावर काय काय येते?

बल आपल्या जागेवरून छेदाच्या मध्यबिंदूवर नेताना त्याच्यासोबत आघूर्णही न्यावे लागतात, आणि हे काम प्रत्येक बलासाठी वेगवेगळे केले तर गोंधळ होत नाही.

खाली ओढणारे २४०० न्यूटनचे बल दांड्याला दोन गोष्टी करते. ते २५० मिमी अंतरावर असल्यामुळे ६०० न्यूटन-मीटरचा नमन आघूर्ण देते, ज्यामुळे दांड्याचा माथा ताणला जातो आणि तळ दाबला जातो. तेच बल अक्षापासून १५० मिमी बाजूला असल्यामुळे ३६० न्यूटन-मीटरचा पीळही देते. याशिवाय २४०० न्यूटनचे थेट कर्तन उरते.

बाहेर ओढणारे ३००० न्यूटनचे बल दांड्यात तेवढाच अक्षीय ताण निर्माण करते. पण ते अक्षावरून जात नाही. १५० मिमी बाजूला असल्यामुळे ते ४५० न्यूटन-मीटरचा आणखी एक नमन आघूर्ण देते, आणि हा आघूर्ण आडव्या प्रतलात असल्यामुळे दांड्याची हाताकडची बगल ताणली जाते व पलीकडची बगल दाबली जाते. मी तपासलेल्या गणितांत सर्वाधिक वेळा सुटलेला आघूर्ण हाच आहे. "अक्षीय बल" हे नाव कानावर पडले की क्षेत्रफळाने भागून मोकळे व्हावेसे वाटते, परंतु या उदाहरणात त्या भागाकारातून केवळ २.४ मेगापास्कल येतात, तर त्याच बलाच्या बाजूला सरकण्यातून ७१.६ मेगापास्कल येतात.

निर्णायक छेद भिंतीजवळचाच असतो हे गृहीत धरावे का?

गृहीत धरू नये, पण या रचनेत ते पटकन सिद्ध होते. दांड्याच्या पूर्ण लांबीभर अक्षीय बल, पीळ, थेट कर्तन आणि आडव्या प्रतलातला ४५० न्यूटन-मीटरचा आघूर्ण हे चारही स्थिर राहतात. बदलतो तो फक्त उभ्या प्रतलातला आघूर्ण, जो हाताजवळ शून्य आणि भिंतीजवळ ६०० असतो. त्यामुळे दांडा सर्वत्र एकाच व्यासाचा असेल तर भिंतीजवळचा छेदच सर्वांत जास्त भारलेला असतो. मध्ये कुठे व्यास कमी केला असेल, आडवे भोक पाडले असेल किंवा चावीची खाच असेल, तर तो छेद स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

त्या छेदावर निर्णायक बिंदू कुठे असतो? सगळ्यात वरचा बिंदू का नाही?

फक्त उभा भार असता तर उत्तर माथा हेच असते, आणि बहुतेकांनी पहिली उदाहरणे तशीच सोडवलेली असल्यामुळे नजर आपोआप माथ्यावर जाते. इथे मात्र नमन दोन प्रतलांत आहे. उभ्या प्रतलातले नमन माथ्याला सर्वाधिक ताणते आणि बगलेला शून्य. आडव्या प्रतलातले नमन बगलेला सर्वाधिक ताणते आणि माथ्याला शून्य. खरा कमाल बिंदू या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो.

माथ्यापासून हाताकडच्या बगलेच्या दिशेने मोजलेला कोन φ धरला तर परिघावरचे लंब प्रतिबल असे लिहिता येते:

```
σ(φ) = N/A + (M1·cos φ + M2·sin φ)/Z
M1 = 600 N·m   M2 = 450 N·m   N = 3000 N
A = πd²/4 = 1257 mm²   Z = πd³/32 = 6283 mm³
```

कंसातली बेरीज सर्वाधिक होते ती tan φ = M2/M1 असताना, म्हणजे φ = ३६.९ अंशांवर, आणि तिथे तिचे मूल्य दोन्ही आघूर्णांच्या सदिश बेरजेइतके, ७५० न्यूटन-मीटर होते. म्हणजे निर्णायक बिंदू केंद्रापासून १६ मिमी वर आणि १२ मिमी हाताच्या बाजूला, परिघावर आहे. गोल छेदाची सोय अशी की त्याचा प्रत्येक व्यास सारखाच असल्यामुळे दोन आघूर्णांची सदिश बेरीज करून एकाच नमनासारखे गणित करता येते. पिळाचे कर्तन परिघावर सर्वत्र सारखे असल्यामुळे ते बिंदूची जागा हलवत नाही.

इथून एक गोष्ट निघते, जी आकृतीत सहसा दिसत नाही. भिंतीपासून हाताकडे जाताना M1 कमी होत जातो आणि M2 तसाच राहतो, म्हणून सर्वाधिक ताणाचा बिंदू दांड्यावर सरळ रेषेत न राहता हळूहळू माथ्याकडून बगलेकडे वळत जातो. हाताजवळ तो अगदी बगलेवर पोहोचतो.

त्या बिंदूवरची प्रतिबले किती आणि ती एकत्र कशी करायची?

अक्षीय बलाचे २.४ आणि नमनाचे ११९.४ ही दोन्ही लंब प्रतिबले एकाच दिशेने, दांड्याच्या लांबीत, काम करतात, म्हणून त्यांची साधी बेरीज होते: १२१.८ मेगापास्कल. पिळाचे कर्तन प्रतिबल मात्र वेगळ्या जातीचे आहे आणि ते या बेरजेत कधीही घालायचे नसते. ते १६T/πd³ या सूत्राने २८.६ मेगापास्कल येते. मग या दोन आकड्यांवरून मोरच्या वर्तुळाने किंवा खालील सूत्रांनी पुढे जाता येते:

```
σ = 121.8   τ = 28.6   (MPa)
R  = sqrt((σ/2)² + τ²)  = 67.3
σ1 = σ/2 + R =  128.2
σ2 = σ/2 − R =   −6.4
von Mises = sqrt(σ² + 3τ²) = 131.5
Tresca    = 2R             = 134.6
```

पहिले मुख्य प्रतिबल दांड्याच्या लांबीशी १२.६ अंशांचा कोन करते. हा कोन जपून ठेवावा, कारण ठिसूळ साहित्यात भेग या मुख्य प्रतिबलाला काटकोनात उघडते आणि तुटलेला तुकडा हाती आला तर भेगेच्या तिरकसपणावरून पिळाचा वाटा किती होता याचा अंदाज येतो.

तन्य पोलादासाठी फॉन मिझेसच्या निकषाने सुरक्षा गुणांक २५०/१३१.५ म्हणजे १.९० येतो आणि ट्रेस्काच्या निकषाने १.८६. ट्रेस्काचा निकष १८६४ चा आणि फॉन मिझेसचा १९१३ चा. तन्य धातूंवरच्या प्रयोगांशी दुसरा अधिक जुळतो, पहिला थोडा अधिक सावध आहे. या बिंदूवर दोघांत अडीच टक्क्यांहून कमी फरक असल्यामुळे कोणता निवडला यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

माथ्याचाच बिंदू तपासला तर फार मोठी चूक होते का?

होते, आणि ती धोक्याच्या बाजूने होते. माथ्यावर नमनाचे प्रतिबल ९५.५ आणि अक्षीय २.४ मिळून ९७.९ मेगापास्कल होतात, कर्तन तेच २८.६, आणि फॉन मिझेस प्रतिबल १०९.७ निघते. खरे प्रतिबल त्याहून सुमारे २० टक्के जास्त आहे. सुरक्षा गुणांक २.२८ वाटतो, प्रत्यक्षात तो १.९० असतो. ही चूक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे उत्तरात M2 कुठेच आलेला नसतो. तो काढला असला तरी माथ्यावर त्याचा परिणाम शून्य असल्यामुळे तो गुपचूप गळून पडतो.

मग दोन्ही नमन प्रतिबले सरळ मिळवून टाकली तर सुरक्षित बाजूला राहू ना?

गोल छेदात ९५.५ आणि ७१.६ ही प्रतिबले परिघावरच्या दोन वेगवेगळ्या बिंदूंवर सर्वाधिक असतात, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण लागू होतील असा बिंदू त्या छेदावर अस्तित्वातच नाही. सरळ बेरीज केली तर फॉन मिझेस प्रतिबल १७६.६ येते, म्हणजे खऱ्यापेक्षा ३४ टक्के जास्त. दांडा विनाकारण जाड होतो.

चौकोनी भरीव दांड्यात मात्र हे चित्र उलटते. तिथे कोपरा हा दोन्ही नमनांचा समाईक कमाल बिंदू असतो, म्हणून कोपऱ्यावर सरळ बेरीजच बरोबर ठरते. पण पिळाचे कर्तन चौकोनी छेदाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर शून्य असते आणि बाजूच्या मध्यावर सर्वाधिक असते. त्यामुळे भरीव चौकोनात एकच निर्णायक बिंदू नसतो. कोपऱ्यावर फक्त लंब प्रतिबल घेऊन आणि बाजूच्या मध्यावर एकाच प्रतलाचे नमन व पिळाचे पूर्ण कर्तन घेऊन दोन्ही ठिकाणी तपासणी करावी लागते. पातळ भिंतीच्या चौकोनी नळीत पिळाचे कर्तन भिंतीभर जवळजवळ सारखे वाहते आणि कोपऱ्याजवळही टिकते, म्हणून तिथे पुन्हा कोपराच पुढे येतो. गोल दांड्याचे गणित तसेच उचलून चौकोनी नळीला लावणे ही म्हणूनच फसवी सवय आहे.

२४०० न्यूटनचे थेट कर्तन आपण सोडून दिले. ते चालते का?

या प्रमाणांत चालते, पण का चालते हे पाहणे योग्य. भरीव गोल छेदात थेट कर्तनाचे सर्वाधिक मूल्य 4V/3A, म्हणजे २.५ मेगापास्कल, ते उदासीन अक्षावर असते आणि माथ्याकडे जाताना शून्य होते. आपल्या निर्णायक बिंदूवर ते परिघाच्या स्पर्शरेषेत सुमारे १.५ मेगापास्कल उरते. हाताकडच्या बगलेवर पिळाचे कर्तनही खालच्या दिशेचे आणि थेट कर्तनही खालच्या दिशेचे असल्यामुळे दोन्ही मिळतात, पलीकडच्या बगलेवर ती वजा होतात. आपला बिंदू हाताच्या बाजूला असल्यामुळे २८.६ चे ३०.२ होतात आणि फॉन मिझेस प्रतिबल १३१.५ वरून १३२.५ वर जाते. एका टक्क्याहूनही कमी फरक.

दांडा आखूड होत गेला तर हा दिलासा संपतो. लांबी व्यासाच्या दुपटीइतकी किंवा त्याहून कमी असेल तर थेट कर्तन सोडू नये.

बाहेर ओढण्याऐवजी ते बल भिंतीकडे ढकलत असेल तर?

अक्षीय प्रतिबलाचे चिन्ह बदलते आणि त्याच्यासोबत M2 चेही. आता हाताकडची बगल दाबली जाते. सर्वाधिक ताणाचा बिंदू माथ्यापासून ३६.९ अंशांवरच, पण पलीकडच्या बगलेच्या दिशेने जातो. सर्वाधिक दाबाचा बिंदू तळापासून हाताच्या बाजूला येतो, आणि अक्षीय दाब त्यात मिसळल्यामुळे परिमाणाने तोच मोठा ठरतो. तन्य पोलादात दाबाच्या बाजूचा हा बिंदू निर्णायक धरावा. ओतीव लोखंडासारख्या ठिसूळ साहित्यात ताण अधिक घातक असल्यामुळे ताणाचा बिंदू परिमाणाने लहान असला तरी त्याची वेगळी तपासणी करावी.

दाब असताना वाकल्यामुळे आघूर्ण वाढतो का, असेही विचारले जाते. या दांड्याचे टोक उभ्या भाराखाली साधारण अर्धा मिमी खाली जाते आणि दांड्याच्या पिळामुळे हाताचे टोक आणखी ०.७ मिमी उतरते. ३००० न्यूटनला एवढ्या सरकण्याने गुणले तर साडेतीन न्यूटन-मीटरच्या आसपास येतात, ६०० च्या तुलनेत नगण्य. बारीक आणि लांब दांड्यात हाच आकडा दखल घेण्याजोगा होतो, आणि मग वेगवेगळ्या भारांची प्रतिबले सरळ मिळवण्याची पद्धत अपुरी पडते.

भार सतत बदलत असेल तर निर्णायक बिंदू तोच राहतो का?

नेहमीच राहत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. समजा खालचा २४०० न्यूटनचा भार स्थिर आहे आणि आडवे बल ३००० न्यूटन बाहेर व ३००० न्यूटन आत असे पुन्हा पुन्हा फिरते. आता ३६.९ अंशांच्या बिंदूवर सरासरी प्रतिबल ७६.४ आणि बदलाचा आयाम ४५.४ मेगापास्कल आहे. हाताकडच्या बगलेवर सरासरी लंब प्रतिबल शून्य, परंतु आयाम ७४.० आहे. माथ्यावर सरासरी ९५.५ आणि आयाम केवळ २.४.

एकदाच भार लावून पाहिले तर ३६.९ अंशांचा बिंदू सर्वांत वाईट आहे. फटीगची भेग मात्र प्रामुख्याने आयामावर पोसली जात असल्यामुळे ती बगलेच्या बाजूला सरकलेल्या बिंदूवर सुरू होण्याची शक्यता जास्त. अशा वेळी एकच बिंदू निवडू नये. परिघावर दर दहा अंशांना सरासरी आणि आयाम काढावेत, पिळाचे स्थिर कर्तन सरासरीत धरावे आणि गुडमनच्या आकृतीत कोणता बिंदू मर्यादेच्या सर्वांत जवळ जातो ते पाहावे. पलीकडच्या बगलेचे बिंदूही त्यात असावेत, कारण फिरत्या बलामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच भोगतात.

भिंतीजवळ वेल्ड आहे. तरी १३१.५ हाच आकडा धरायचा का?

हा आकडा नाममात्र प्रतिबलाचा आहे. वेल्डच्या कडेला किंवा व्यास बदलतो त्या खांद्यापाशी प्रतिबल एकवटते, आणि ते प्रत्यक्षात या सूत्रांनी मिळत नाही. भार स्थिर आणि साहित्य तन्य असेल तर त्या छोट्या भागात स्थानिक यील्ड होऊन प्रतिबल पसरते, म्हणून नाममात्र मूल्यावर निर्णय घेणे मान्य आहे. भार बदलता असेल तर संकेंद्रण गुणांक लावावाच लागतो, आणि तो नमनासाठी वेगळा व पिळासाठी वेगळा असतो. खांद्यापाशी नमनाचा गुणांक सहसा पिळाच्या गुणांकापेक्षा मोठा असतो. म्हणून फॉन मिझेसच्या अंतिम आकड्याला एकाच गुणांकाने गुणू नये. आधी σ आणि τ यांना आपापल्या गुणांकांनी गुणावे आणि मग एकत्र करावे. वेल्ड स्वतः किती भार पेलतो ही तपासणी तर आणखी वेगळी, वेल्डच्या घशाच्या क्षेत्रफळावर करायची असते.

हातातही पीळ येतो का?

या रचनेत येत नाही. दोन्ही बले हाताच्या लांबीला काटकोनात आणि त्याच्या अक्षावरून जातात, म्हणून हाताच्या मुळाशी फक्त ३६० आणि ४५० न्यूटन-मीटरचे दोन नमन आघूर्ण आणि कर्तन उरते. दांड्याला जो पीळ जाणवतो तोच हातासाठी नमन असतो.

हे सगळे मोजून कसे पडताळावे?

स्ट्रेन गेजची रोझेट दांड्यावर चिकटवून. भिंतीला अगदी लागून ती लावू नये, कारण तिथे जोडाचा स्थानिक परिणाम मिसळतो. एका व्यासाइतके, म्हणजे ४० मिमी, अंतर सोडावे. त्या छेदावर M1 कमी होऊन ५०४ न्यूटन-मीटर होतो, त्यामुळे सर्वाधिक ताणाचा बिंदू माथ्यापासून ४१.८ अंशांवर सरकतो आणि रोझेट तिथेच लावावी लागते. पोलादासाठी यंग गुणांक २०५ गिगापास्कल आणि पॉइसन गुणोत्तर ०.३ धरले तर दांड्याच्या लांबीतल्या गेजने सुमारे ५३६ मायक्रोस्ट्रेन दाखवावेत, आणि दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर असलेल्या गेजच्या वाचनांतला फरक, थेट कर्तन धरून, सुमारे ३८५ यावा.

चूक शोधायला ही दोन वाचने पुरतात. लांबीतले वाचन जुळले आणि फरक जुळला नाही, तर पिळाची भुजा चुकली आहे किंवा रोझेट तिरकी चिकटली आहे. फरक जुळला आणि लांबीतले वाचन ४३० च्या खाली आले, तर बहुधा रोझेट माथ्याच्या जवळ लागली आहे किंवा बाहेर ओढणारे बल ठरलेल्या ठिकाणापेक्षा दांड्याच्या अक्षाकडे सरकून लागते आहे. दुसरी शक्यता तपासण्यासाठी खालचा भार काढून फक्त आडवे बल लावावे आणि दोन समोरासमोरच्या बगलांवर लांबीतली गेज लावून वाचने घ्यावीत. त्यांच्या सरासरीवरून N मिळते, त्यांच्या फरकाच्या अर्ध्यावरून M2 मिळतो, आणि M2 ला N ने भागले की बल प्रत्यक्षात अक्षापासून किती मिमीवर लागते आहे ते कळते.